लांबच्या विमानप्रवासानंतर दरवेळी घसा धरतो? बाटलीआधी नाकाकडे बघा

तक्रार अशी. विमानप्रवास दहा-बारा तासांचा असला की उतरताना घसा खरवडून काढल्यासारखा होतो. आवंढा गिळताना टोचतं, आवाज जाड येतो, झोपेतून उठल्यावर जीभ टाळूला चिकटलेली असते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बरं वाटायला लागतं आणि तिसऱ्या दिवशी माणूस ते विसरूनही जातो. पुढच्या लांब प्रवासात पुन्हा तेच. दोन-तीन तासांच्या प्रवासात मात्र काहीच होत नाही.

कामानिमित्त वर्षातून तीन-चारदा मला असा लांबचा प्रवास करावा लागतो, आणि कित्येक वर्षं मी या दुखण्याचा चुकीचा इलाज करत होतो. आधी वाटायचं, विमानात कुणीतरी खोकत होतं, त्याचंच लागलं असणार. दोनदा तर घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या. (हे करू नये हे तेव्हाही माहीत होतं.) तिसऱ्या दिवशी बरं वाटलं आणि श्रेय गोळ्यांना मिळालं. ते त्यांचं नव्हतं, कारण तिसऱ्या दिवशी मला गोळ्या न घेताही बरं वाटतच होतं.

मग कुणीतरी सांगितलं, विमानात शरीरातलं पाणी आटतं, भरपूर पाणी पी. मी ते मनावर घेतलं. तेरा तासांच्या एका प्रवासात तीन लिटर पाणी संपवलं. खिडकीजवळची जागा होती, त्यामुळे शेजारच्या दोघांना उठवून नऊ वेळा स्वच्छतागृहात जाऊन आलो. दुसऱ्या फेरीला शेजारी हसले होते, सहाव्या फेरीला हसले नाहीत. आणि उतरताना घसा? जसाच्या तसा दुखत होता.

शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी घसा बघितला, मान चाचपली आणि एकच प्रश्न विचारला, "विमानात झोपता तेव्हा तोंड उघडं असतं का?"

मी म्हटलं, "झोपेत मला कसं कळणार?"

बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "उघडं असतं, डॉक्टर. आणि आवाजही येतो."

सगळं कोडं त्या प्रश्नाने सुटलं. पण का सुटलं हे समजायला केबिनमधली हवा आधी बघायला हवी.

हवा एवढी कोरडी का असते

लांब पल्ल्याचं विमान साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरून उडतं. तिथे बाहेरचं तापमान उणे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि इतक्या थंड हवेत बाष्प जवळपास नसतंच. तीच हवा आत घेऊन, दाबून, २२-२३ अंशांवर आणून केबिनमध्ये सोडतात. हवा गरम केली म्हणून तिच्यात पाणी येत नाही. ती फक्त अधिक तहानलेली होते. केबिनमध्ये जी काही आर्द्रता असते ती मुख्यतः प्रवाशांच्या श्वासातून आणि त्वचेतून आलेली असते. म्हणून लांबच्या उड्डाणात ती साधारण १० ते २० टक्क्यांवर असते आणि कधी त्याच्याही खाली जाते. आपल्याला बरी वाटणारी आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांची. महागड्या वर्गात माणसं विरळ बसतात, त्यामुळे तिथली हवा उलट जास्तच कोरडी असू शकते. मागच्या रांगेत बसणाऱ्यांना तेवढाच दिलासा!

मग तीन लिटर पाणी का कामी आलं नाही

हा हिशेब मी नंतर कागदावर मांडला, कारण माझा विश्वासच बसत नव्हता. २२ अंशांना १५ टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. घरातल्या ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत साधारण १० ग्रॅम. म्हणजे विमानात प्रत्येक घनमीटर हवेमागे आपल्या श्वासमार्गाला ७ ग्रॅम पाणी जादा घालावं लागतं. शांत बसलेला माणूस मिनिटाला सुमारे ६ लिटर हवा आत घेतो. तेरा तासांत ती होते पावणेपाच घनमीटरच्या आसपास. पावणेपाचाला सातने गुणा. श्वासातून जादा गेलेलं पाणी तेहेतीस ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे.

त्वचेतूनही थोडं जास्त जातं, पण सगळं मिळून जादा नुकसान फार तर एखाद्या कपाएवढं. जागतिक आरोग्य संघटनेचा प्रवाशांसाठीचा सल्लाही हेच सांगतो: केबिनच्या कोरड्या हवेने डोळे, नाक, घसा आणि त्वचेला त्रास होतो, पण त्यामुळे शरीराच्या आतलं पाणी कमी होतं असं दिसलेलं नाही.

मग दोन चमच्यांनी एवढं दुखतं कसं? कारण ते दोन चमचे कुठून जातात हे महत्त्वाचं. नाकाने श्वास घेतला तर हवा ओली करण्याचं काम नाकाच्या आतल्या घड्या करतात. त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो, खाली भरपूर रक्तवाहिन्या असतात, आणि गेलेलं पाणी लगेच भरून निघतं. बाहेर जाणाऱ्या श्वासातली थोडी वाफही नाक परत धरून ठेवतं. तोंडाने श्वास घेतला की हा सगळा बंदोबस्त टळतो आणि कोरडी हवा थेट जिभेच्या मागच्या भागावर, पडजिभेवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर आदळते. त्यात झोपेत लाळ जवळजवळ बंद झालेली असते आणि गिळणंही कमी होतं. घशावरचा चिकट थर आटून घट्ट होतो, खालची नाजूक त्वचा उघडी पडल्यासारखी होते आणि पहिल्या आवंढ्याला टोचतं.

थोडक्यात, कोरडं पडतं ते शरीर नव्हे, घशाचा वरचा थर. एका दमात प्यायलेलं अर्धा लिटर पाणी त्या थरावरून दोन सेकंदांत घसरून जातं आणि तासाभराने कुठे पोचतं ते माझ्या शेजाऱ्यांना विचारा.

तुमचं कारण हेच आहे का, ते कसं ओळखायचं

उपाय करण्याआधी एवढं तपासा. कोरडेपणाचं दुखणं विमानातच किंवा उतरताच सुरू होतं आणि झोपून उठल्यावर सर्वात वाईट असतं. दोन्ही बाजूंना सारखं दुखतं. कोमट काही प्यायलं की पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, मग हळूहळू परत येतं. ताप नसतो, अंग मोडत नाही, आणि दर काही तासांनी ते थोडं कमीच होत जातं.

विमानात लागलेल्या संसर्गाची चाल उलटी असते. साध्या सर्दीचे विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन दिवस जातात. त्यामुळे उतरताना घसा ठीक होता आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखायला लागला, मग नाक वाहू लागलं, तर तो कोरडेपणा नव्हे. उतरतानाच दुखत होता आणि रोज वाढतोय, तर बहुधा प्रवासाला निघण्याआधीच काहीतरी घेऊन चढला होतात.

तिसरं एक कारण लोकांच्या लक्षातच येत नाही: बडबड. केबिनमध्ये इंजिनाचा आणि हवेचा सततचा आवाज असतो आणि त्यावरून बोलायला आपण नकळत आवाज चढवतो. आधीच कोरड्या स्वरतंतूंनी चार तास असं बोललं की आवाज बसतो. गिळताना फारसं दुखत नाही पण आवाज फाटलाय, असं असेल तर पाणी आणि पुढे सांगितलेला मास्क या दोन्हींपेक्षा गप्प बसणं जास्त उपयोगी.

मी आता काय करतो

गेल्या तेरा तासांच्या प्रवासात जे केलं तेच सांगतो.

निघायच्या दोन दिवस आधी नाक मोकळं आहे की नाही हे बघितलं. एक नाकपुडी बोटाने दाबायची, तोंड मिटून दुसरीने दहा श्वास घ्यायचे, मग बाजू बदलायची. दमल्यासारखं वाटलं तर विमानात तोंड उघडणारच. माझी डावी बाजू थोडी भरलेली होती, म्हणून मिठाच्या पाण्याचा नाकाचा स्प्रे सुरू केला. औषधाच्या दुकानात मागताना नीट सांगा. बाटलीवर सोडियम क्लोराइड ०.९ टक्के लिहिलेलं हवं आणि दुसरं औषध नको. शेजारीच ठेवलेले चोंदलेलं नाक झटक्यात उघडणारे झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचे स्प्रे वेगळे. ते नाकाचा आतला भाग कोरडा करतात, आणि थोड्या दिवसांहून जास्त वापरले तर नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदतं.

स्प्रेची बाटली बहुधा शंभर मिलिलिटरच्या आतलीच असते, त्यामुळे ती हातातल्या पिशवीत चालते. एक गंमत लक्षात ठेवा. जमिनीवर घट्ट बंद केलेली दाबायची बाटली वर गेल्यावर आतल्या दाबाने फुगलेली असते. टोपण काढताच स्वतःहून पिचकारी मारते. मी पहिल्यांदा ती पिचकारी शेजाऱ्यांच्या वर्तमानपत्रावर मारली. बाटलीचं तोंड वर धरून, कागदी रुमाल लावून टोपण काढा.

विमान स्थिरावल्यावर दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन फवारे मारले. नंतर जागा असेपर्यंत दर दोन-तीन तासांनी एकदा, आणि झोपायच्या अगदी आधी एकदा. डोक्यावरची वाऱ्याची गोल जाळी चेहऱ्यावर येत होती, ती फिरवून छातीकडे केली. हवा तीच, पण वारा थेट तोंडावर असला की सुकण्याचा वेग वाढतो.

पाणी मी मोजून नाही, पण हळूहळू पितो. सुरक्षा तपासणीला रिकामी बाटली न्यायची आणि पलीकडे गेल्यावर भरून घ्यायची. मग जागेपणी दर दहा मिनिटांनी एक घोट. तो घोट तोंडात क्षणभर फिरवायचा, मग गिळायचा. तासाला साधारण शंभर-दीडशे मिलिलिटर होतं, म्हणजे एक छोटा कप. आपण एरवी पितो त्याहून फार जास्त नाही. लघवी फिकट पिवळी असली की पुरे. पाण्यासारखी पांढरी झाली तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पिताय. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचं माप ठरवून दिलं आहे, त्यांनी ते माप विमानातही मोडू नये. त्यांच्यासाठी पुढचा मास्कचा उपाय अधिक सोयीचा.

घोटांच्या मध्ये बिनसाखरेचं च्युइंगगम. लाळ सुटते, आणि घसा ओला ठेवायला लाळेइतकं दुसरं काही नाही. फक्त च्युइंगगम किंवा चघळायची गोळी तोंडात ठेवून झोपू नका. ती घशात अडकू शकते.

आता मुख्य गोष्ट, झोप. इथे मी दोन गोष्टी करतो. पहिली, साधा तीन पदरी मास्क. बाहेर टाकलेल्या श्वासातली वाफ मास्कच्या आत अडकते आणि पुढचा श्वास त्या दमट हवेतून येतो. झोपेत तोंड उघडलं तरी घशापर्यंत जाणारी हवा अगदी सुकी राहत नाही. मास्क ओलसर झाला की बदलायचा, म्हणून दोन-तीन जवळ ठेवतो.

दुसरी, मानेची उशी उलटी घालायची. ही घोड्याच्या नालासारखी उशी सगळे जाड बाजू मागे करून घालतात. तशी घातली की जाड भाग डोकं पुढे ढकलतो, झोप लागली की जबडा सैल पडतो आणि तोंड उघडतं. तीच उशी फिरवून जाड बाजू हनुवटीखाली घेतली की जबड्याला खालून आधार मिळतो आणि तोंड मिटलेलं राहतं. दिसतं विचित्र. पण त्या प्रवासात मी पाच तास झोपलो आणि उठलो तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

काही जण तोंडावर चिकटपट्टी लावून झोपायचं सुचवतात. ते करू नका. नाक मध्येच चोंदलं, उलटी आली, किंवा झोपेत श्वास अडकण्याचा आजार असला तर महागात पडेल.

जे टाळलं त्याने जास्त फरक पडला

पूर्वी मी झोप लागावी म्हणून सर्दी-ॲलर्जीची गोळी घ्यायचो. गुंगी आणणाऱ्या या जुन्या गोळ्या लाळ आणि नाकातला ओलावा दोन्ही आटवतात. म्हणजे कोरड्या हवेत आपणच आणखी कोरडं व्हायचं औषध घ्यायचं. ॲलर्जीसाठी डॉक्टरांनी रोजची गोळी दिली असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, पण झोपेसाठी म्हणून घेत असाल तर सोडा.

दारूचं तसंच. ती लघवी वाढवते हे सगळ्यांना माहीत असतं, पण घशाच्या दृष्टीने वाईट गोष्ट वेगळी आहे. तिने घशाचे स्नायू सैल पडतात, घोरणं वाढतं आणि तोंड उघडतं. झोपेआधीचा एक पेला घशाला रात्रभर पुरतो. चहा-कॉफीला मात्र उगाच बदनाम केलं जातं. रोज पिणाऱ्याने नेहमीएवढी प्यायली तर त्यातलं पाणी अंगी लागतंच. मी ती झोपेमुळे टाळतो, घशामुळे नाही.

भरपेट जेवून लगेच आडवं होणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो. पोटातलं आम्ल वर येऊन घसा जाळतं आणि सकाळी तो कोरडेपणा वाटतो. तोंडात आंबट-कडू चव असेल तर तिकडे लक्ष द्या.

उतरल्यावर दुखतच असेल तर

एक पेला कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घालून गुळण्या करा. डोकं मागे टाकून प्रत्येक गुळणी दहा-पंधरा सेकंद धरा, दिवसातून तीन-चारदा. नंतर कोमट काहीही घोट घोट प्या. एक चमचा मध चाटला तर घशावर लेप बसतो, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये. त्या दिवशी आवाजाला विश्रांती द्या. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानेही स्वरतंतूंवर ताण येऊ शकतो. हळू पण नेहमीच्या आवाजात बोला. नाक धुण्याचं भांडं वापरत असाल तर त्यात नळाचं पाणी थेट घेऊ नका. उकळून थंड केलेलं किंवा निर्जंतुक पाणीच घ्या.

याने एक-दोन दिवसांत उतार पडायला हवा. नाही पडला, किंवा ताप ३८ अंशांच्या वर गेला, गळ्याला दुखऱ्या गाठी लागल्या, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले, तर डॉक्टरांना दाखवा. एकाच बाजूला जोरात दुखणं, तोंड पुरतं न उघडणं, लाळही गिळता न येणं, किंवा श्वास घ्यायला त्रास होणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तो कोरडेपणा असूच शकत नाही.

माझ्या बाबतीत एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली. विमानात सगळं नीट पाळूनही एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी घसा दुखत उठलो. दोष विमानाचा नव्हता. मुक्कामाच्या खोलीत गरम हवेचं यंत्र रात्रभर चालू होतं आणि पलंग नेमका त्याच्या झोतात होता. म्हणजे तेरा तास सांभाळलेला घसा पुढच्या आठ तासांत पुन्हा सुकवला. आता खोलीत शिरलो की आधी झोत कुठे येतो ते बघतो, तापमान दोन अंश खाली आणतो, अंघोळीनंतरचा ओला टॉवेल खुर्चीवर पसरतो, आणि स्प्रेची बाटली पिशवीतून काढून उशाशी ठेवतो.